विळ्याचा काप की पायाचा फोड? गॉज, साधी पट्टी आणि हायड्रोकोलॉइड यातलं काय, कधी लावायचं

चारा कापताना विळा बोटाला लागतो. नव्या चपलेनं टाच सोलते. खोऱ्याच्या दांड्यानं तळहाताला फोड येतो. शेतकऱ्याच्या घरात महिन्यातून एकदा तरी असं काहीतरी होतंच. मग डब्यात हाताला लागेल ते बांधलं जातं. कधी चिकटपट्टी, कधी कापूस, कधी जुन्या धोतराची चिंधी. बहुतेक वेळा जखम भरते, पण काही वेळा साधा काप आठवडाभर चिघळतो आणि ऐन कामाच्या दिवसांत माणूस घरी बसतो.

आता तालुक्याच्या मेडिकलमध्ये तीन प्रकारच्या पट्ट्या सहज मिळतात. पहिला प्रकार म्हणजे गॉज, ज्याला आपल्याकडं ‘गाज’ किंवा ‘पट्टीचं जाळीदार कापड’ म्हणतात. दुसरी साधी चिकटपट्टी, मध्ये छोटी गादी असलेली. तिसरी अलीकडं आलेली हायड्रोकोलॉइड, रबरासारखी जाडसर आणि त्वचेच्या रंगाची. चेहऱ्याच्या पुटकुळीवर कॉलेजची पोरं जो ‘पिंपल पॅच’ लावतात, तो याच जातीचा, फक्त पातळ.

यातली महाग ती चांगली, असं समजू नका. प्रत्येकीचं काम वेगळं आहे. पट्टी निवडण्याआधी जखमेकडं बघून तीन गोष्टी विचारायच्या: जखम किती गळतेय, किती स्वच्छ आहे आणि अंगाच्या कोणत्या जागी आहे. या तिन्हींची उत्तरं मिळाली की पट्टी आपोआप ठरते. उलट झालं, म्हणजे आधी पट्टी हातात घेतली आणि मग ती जखमेवर बसवली, की घोळ होतो.

पट्टीच्या आधी पाणी

कोणतीही पट्टी जखम धुण्याची जागा घेऊ शकत नाही. शेतातल्या कापात माती, शेणाचे कण, गवताचं कुसळ असं काहीतरी जातंच. ते आत ठेवून वरून कितीही भारी पट्टी लावली तरी उपयोग नाही.

आधी आपले हात साबणानं धुवा. मग जखमेवर पिण्याच्या स्वच्छ पाण्याची धार पाच मिनिटं सोडा. नळ नसेल तर तांब्यानं किंवा बाटलीनं धार धरा. विहिरीचं किंवा शेततळ्याचं पाणी असेल तर उकळून गार केलेलं वापरा. साबण जखमेच्या कडेनं लावा, आत चोळू नका. दिसणारा कण स्वच्छ चिमट्यानं निघत असेल तर काढा. खोल गेलेला कण मात्र उकरत बसू नका.

स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, डेटॉलचं घट्ट पाणी जखमेच्या आत ओतू नये. फेस आला किंवा झोंबलं म्हणजे घाण निघाली असं वाटतं, पण त्यानं नवीन कातडी तयार करणाऱ्या पेशीही मरतात. तंबाखू, चुना, राख, शेण, माती हे तर मुळीच लावू नये. धनुर्वाताचे जंतू माती-शेणातच राहतात. हळदीबद्दल अनेकांचा विश्वास आहे, पण स्वयंपाकघरातल्या डब्यातली पूड निर्जंतुक नसते आणि ती जखमेत गोळा होऊन बसते. मग डॉक्टरांना आतलं काही दिसत नाही.

गॉज: वाहत्या आणि मळक्या जखमेचा सोबती

गॉज म्हणजे सुती धाग्यांचं विरळ विणीचं कापड. त्याच्या जाळीत रक्त आणि पाणी शिरतं, हवा खेळती राहते आणि वरून घट्ट दाब देता येतो. म्हणून ताजा, रक्त येणारा काप असेल तर पहिला मान गॉजचा.

दाब देण्याची पद्धत साधी आहे, पण तिथंच चूक होते. गॉजची घडी जखमेवर ठेवायची, तळव्यानं किंवा बोटांनी दाबायची आणि घड्याळ लावून दहा मिनिटं दाब सोडायचा नाही. दर मिनिटाला उचलून ‘थांबलं का’ बघितलं की जमत आलेली गुठळी निघते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. पहिली घडी भिजली तर ती काढू नका, तिच्यावर दुसरी ठेवून दाबत राहा. हात छातीच्या वर धरला तर रक्त लवकर थांबतं.

गॉज घेताना सीलबंद, निर्जंतुक छोटं पाकीट घ्या. मोठ्या गठ्ठ्यातला सुटा गॉज किंवा गुंडाळीचं बँडेज हे वरून बांधायला ठीक, थेट जखमेवर ठेवायला नाही. पाकीट फाटलेलं किंवा ओलं झालेलं असेल तर ते निर्जंतुक राहिलं नाही असं समजा. कापूस थेट जखमेवर ठेवू नये. त्याचे तंतू आत चिकटतात आणि काढताना त्रास होतो.

गॉजचा एक मोठा दोष आहे. जखमेतलं पाणी सुकलं की ते जखमेला चिकटतं. दुसऱ्या दिवशी खसकन ओढलं की रात्रीत तयार झालेली कोवळी कातडीही निघून येते. जखम पुन्हा पहिल्या दिवसावर जाते. यावर दोन उपाय आहेत. रक्त थांबल्यावर जखमेवर व्हॅसलीनचा पातळ थर लावून मग गॉज ठेवायचा, म्हणजे तो चिकटत नाही. आणि चिकटलाच तर उकळून गार केलेल्या पाण्यानं पाच-दहा मिनिटं भिजवून हळूच सोडवायचा.

गॉज रोज बदलावा लागतो. ओला किंवा मळका झाला तर त्याआधीच. बोटाला बांधताना घट्ट आवळू नका आणि नखाचं टोक उघडं ठेवा. नख दाबून सोडलं की पांढरं पडतं आणि दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होतं. तसं झालं नाही, बोट मुंग्या आल्यासारखं झालं किंवा निळसर दिसलं, तर पट्टी लगेच सैल करा.

साधी चिकटपट्टी: छोट्या, स्वच्छ, रक्त थांबलेल्या कापासाठी

ही पट्टी जन्मालाच आली स्वयंपाकघरातल्या कापांसाठी. अमेरिकेत १९२० साली अर्ल डिक्सन नावाच्या नोकरदारानं बायकोच्या बोटांना सारखं कापतं-भाजतं म्हणून चिकटपट्टीवर गॉजचे तुकडे लावून ठेवले. तिला एकटीला, एका हातानं लावता यावं हा हेतू होता. तीच पुढं ‘बँड-एड’ झाली.

म्हणजे गोष्ट उघड आहे. ही पट्टी विळी-चाकूच्या लहान कापासाठी आहे. मधली गादी दोन-चार थेंब पिते, त्याहून जास्त नाही. वाहतं रक्त ती थांबवू शकत नाही, कारण तिच्यावरून नीट दाब बसत नाही. जखम गादीपेक्षा मोठी असेल तर चिकट भाग जखमेवरच बसतो आणि काढताना सगळं उचकटतो. म्हणून सोपा नियम ठेवा: गादी जखमेच्या चारी बाजूंनी थोडी बाहेर उरली पाहिजे. उरत नसेल तर गॉज वापरा.

शेतावर या पट्टीची खरी अडचण म्हणजे पाणी. दारं धरताना, दूध काढताना, भांडी घासताना गादी भिजते. भिजलेली गादी दिवसभर तशीच राहिली तर खालची कातडी पांढरी, सुरकुतलेली आणि मऊ होते. अशी कातडी लवकर फाटते आणि जंतूंना वाट मिळते. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेल्या पट्टीतही कडेनं पाणी शिरतं. म्हणून भिजली की बदला आणि नाही भिजली तरी रोज एकदा बदला. ही पट्टी स्वस्त आहे, तिच्यात काटकसर करू नका.

काही जणांना पट्टीच्या चिकाचीच ॲलर्जी असते. मग जखमेच्या बाजूला खाज येते आणि लाली दिसते. ही लाली ओळखायला सोपी आहे, कारण तिचा आकार नेमका पट्टीसारखा चौकोनी असतो. पट्टी काढली की ती उतरायला लागते. अशा माणसानं गॉज आणि कागदी टेप वापरावी.

हायड्रोकोलॉइड: फोडासाठी उत्तम, मळक्या कापासाठी धोक्याची

‘जखम उघडी ठेवा, वारं लागू द्या, खपली धरली की बरी होते,’ असं घरातली जुनी माणसं सांगतात. ब्रिटनमधले संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या कातडीवर याची परीक्षा घेतली. उघड्या ठेवलेल्या उथळ जखमा आणि पातळ आवरणाखाली ओलसर ठेवलेल्या जखमा यांची तुलना केली. ओलसर जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगानं आली. कारण समजायला सोपं आहे. कडक खपली झाली की नव्या कातडीला तिच्याखालून वाट काढत सरकावं लागतं. ओलसर जागेवर ती सरळ पसरते.

याच विचारातून पुढं हायड्रोकोलॉइड आली. तिच्या आतल्या थरात सेल्युलोजचा एक प्रकार, जिलेटिन, पेक्टिन अशी पाणी पिणारी द्रव्यं असतात. पेक्टिन म्हणजे जॅम घट्ट करणारं तेच. जखमेतलं पाणी शोषून हा थर फुगतो आणि मऊ जेल बनतो. बाहेरचा थर पाणी आत येऊ देत नाही. त्यामुळं जखमेवर जेलची गादी राहते, घासणं थांबतं, दुखणंही बरंच कमी होतं. आंघोळही करता येते.

पण याच गुणातून तिची मर्यादा येते. ही पट्टी बंद झाकणासारखी बसते. आत घाण राहिली असेल, पू होत असेल, तर तो आतच कोंडला जातो. आपण चार दिवस पट्टी उघडणार नाही, आणि तोवर काय चाललंय ते दिसणार नाही. रक्त वाहत असेल तर पट्टी निसटून येते. म्हणून मातीचा काप, खिळा रुतलेली जखम, जनावराचा चावा, पू झालेली जखम यावर ती कधीच लावायची नाही.

लावताना जागा धुऊन पूर्ण कोरडी करा. तेल, मलम, पावडर काही नको, नाहीतर ती धरत नाही. पट्टी मिनिटभर दोन्ही तळहातांत धरून ऊबदार करा. जखमेच्या चहूबाजूंनी किमान दीड-दोन सेंटीमीटर चांगल्या कातडीवर बसेल इतकी मोठी घ्या. मोठ्या तुकड्यातून कापून घेत असाल तर कोपरे गोल करा, कारण टोकदार कोपरा मोज्यात अडकून गुंडाळतो. लावल्यावर मिनिटभर हातानं दाबून धरा.

नंतर रोज उघडून बघण्याचा मोह आवरा. कडा नीट चिकटलेल्या असतील तर ती तीन ते पाच दिवस, काही वेळा आठवडाभरही राहू शकते. कडेनं पाणी गळायला लागलं किंवा मधला फुगवटा कडेपर्यंत पोचला की बदलायची. काढताना वर ओढायची नाही. एक कड सोडवून ती कातडीला समांतर ताणायची, म्हणजे चिक आपोआप सुटतो.

उदाहरण पहिलं: मका कापताना विळ्याचा काप

समजा, पंचेचाळिशीतल्या एका काकूंना सकाळी आठ वाजता मका कापताना डाव्या हाताच्या तर्जनीला विळा लागला. काप दीड सेंटीमीटर लांब, रक्त चांगलं येतंय, पण कडा एकमेकींना टेकतात. बोट पूर्ण वाकतं, सरळ होतं आणि टोकाला स्पर्श कळतो. म्हणजे शिर, नस तुटलेली दिसत नाही आणि घरी सांभाळता येईल.

बोटात अंगठी असेल तर आधी काढायची, कारण सूज आल्यावर ती निघत नाही. पाच मिनिटं धार, मग गॉजची घडी ठेवून दहा मिनिटं दाब. रक्त थांबल्यावर व्हॅसलीनचा पातळ थर, त्यावर नवा गॉज, वरून टेप. पहिले दोन दिवस त्या हातानं शेण काढायचं नाही. घरात दुसरं कोणी नसेल तर वरून रबरी हातमोजा घालायचा आणि काम झालं की लगेच काढायचा, नाहीतर घामानं आत ओल धरते.

दुसऱ्या दिवशी गॉज भिजवून काढला. कडा जुळलेल्या दिसतात, थोडं पिवळसर पातळ पाणी आहे, वास नाही. हे ठीक आहे. पुन्हा व्हॅसलीन आणि गॉज. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी गॉज कोरडा निघाला, कडेला फिकट गुलाबी रेष दिसते. आता गॉजची गरज संपली. इथून पुढं साधी चिकटपट्टी, रोज नवी. आठवड्याभरात काप मिटला की घरात उघडं ठेवायचं आणि शेतात जाताना अजून काही दिवस पट्टी लावायची.

याच काकूंनी पहिल्याच दिवशी चिकटपट्टी गुंडाळली असती तर ती तासाभरात रक्तानं भिजून निसटली असती. हायड्रोकोलॉइड लावली असती तर विळ्यावरची माती आणि जंतू चार दिवस आत कोंडून राहिले असते.

एक काम मात्र उरतं. काकूंना शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं, तर धाकट्याच्या वेळी, म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी. जखम मातीची आहे आणि पाच वर्षांहून जास्त काळ लोटलाय. म्हणून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ‘टीडी’चं इंजेक्शन घ्यायचं. ते तिथं मोफत मिळतं. जखम अगदी स्वच्छ असती तर दहा वर्षांचा हिशेब धरतात. लहानपणची लस झालीच नसेल किंवा आठवत नसेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं, कारण मग एका इंजेक्शनवर भागत नाही.

उदाहरण दुसरं: वारीत टाचेला आलेला फोड

आता दुसरा प्रसंग घ्या. आळंदीहून निघालेल्या दिंडीतला एक तरुण नातेपुत्याच्या मुक्कामाला पोचलाय. पंढरपूर अजून काही मजल दूर आहे. पावसात मोजे भिजले, चप्पल नवी, आणि टाचेच्या मागं रुपयाएवढा फोड आला.

फोड येतो तो कातडीच्या थरांची ओढाताण होऊन. वरचा थर चपलेबरोबर सरकतो, आतला जागेवर राहतो, मध्ये फट पडते आणि तिच्यात पाणी भरतं. कातडी ओली असली की ही ओढ जास्त बसते. वरचं कातडं हेच त्या जागेचं सगळ्यात चांगलं झाकण असतं. म्हणून फोड शाबूत असेल तर फोडायचा नाही. वारीत काही जण सुई-दोरा ओवून दोरा आतच ठेवतात, म्हणजे पाणी झिरपत राहतं. पण त्याच दोऱ्यावरून रस्त्याच्या चिखलातले जंतूही आत जातात. फोड मोठा असून पाऊल टेकवत नसेल तर दिंडीसोबतच्या वैद्यकीय पथकाकडून पाणी काढून घ्यावं. ते कडेला बारीक छिद्र पाडतात आणि कातडं तसंच ठेवतात.

या तरुणाचा फोड चालता चालता आपणच फुटला आणि कातडं लोंबतंय. ते ओढून काढायचं नाही. स्वच्छ पाण्यानं धुवायचं, कातडं जागेवर पसरवायचं, कोरडं करायचं. जखम स्वच्छ आहे, रक्त नाही, पाणी थोडंच झिरपतंय आणि जागा सतत घासली जाणारी आहे. इथं हायड्रोकोलॉइड शोभते. रात्री मुक्कामाला लावायची, म्हणजे सकाळपर्यंत ती घट्ट बसते. वरून कोरडा मोजा. पिंपल पॅच इथं चालत नाही. तो फार पातळ असतो आणि टाचेवर तासभरही टिकत नाही.

हायड्रोकोलॉइड मिळाली नाही तर अडत नाही. व्हॅसलीन, गॉज आणि कापडी टेप यावरही फोड बरा होतो. फरक इतकाच की गॉज टाचेवर गोळा होतो, रोज बदलावा लागतो आणि चालताना जास्त टोचतो. साधी चिकटपट्टी टाचेवर सगळ्यात लवकर निसटते आणि तिची गुंडाळी झाली की दुसरा फोड करते.

एक सावधगिरी बाळगा. शाबूत फोडावर हायड्रोकोलॉइड लावली तर ती मध्येच ओढून काढू नका. फोडाचं झाकण तिच्याबरोबर निघून येतं. ती आपली आपण सुटेपर्यंत थांबायचं.

पांढरं दिसलं म्हणजे पू झाला का?

हायड्रोकोलॉइड लावलेले निम्मे लोक इथं घाबरतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पट्टीच्या मध्यावर पांढरा फुगवटा येतो. उघडल्यावर पिवळसर, चिकट, थोडा वास असलेला पदार्थ दिसतो. तो पूसारखाच दिसतो, पण पट्टीच विरघळून झालेलं ते जेल असतं.

ओळखायचं असं: जागा पाण्यानं धुवा. जेल निघून खाली गुलाबी, ओलसर, स्वच्छ कातडी दिसली, आजूबाजूला लाली नाही आणि दुखणं कालच्यापेक्षा कमी आहे, तर सगळं ठीक चाललंय. पण धुतल्यावरही जखमेतून पुन्हा घट्ट पांढरा-पिवळा पू येतोय, भोवतालची लाली पसरतेय, जागा गरम आहे, ठणका वाढतोय, तर तो संसर्ग आहे. मग हायड्रोकोलॉइड परत लावायची नाही. गॉज ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा.

लाली पसरतेय की नाही हे नुसत्या नजरेनं कळत नाही. लालीच्या कडेनं साध्या बॉलपेननं रेघ मारून ठेवा आणि सहा-आठ तासांनी बघा. लाली रेघेबाहेर गेली असेल तर वाट बघू नका. हातावर लाल रेषा वर चढताना दिसली, काखेत किंवा जांघेत गाठ आली किंवा ताप भरला, तर त्याच घडीला निघा.

कोणती जखम घरी बांधून चालत नाही

काही जखमा या तिन्ही पट्ट्यांच्या हद्दीबाहेरच्या आहेत. दहा-पंधरा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नाही. कडा उघड्या राहून आतली पिवळी चरबी दिसते. बोट वाकत नाही किंवा टोक बधिर आहे. कोयत्याचा खोल घाव आहे, किंवा गंजका खिळा तळपायात शिरलाय. अशा वेळी गॉज दाबून धरायचा आणि दवाखान्यात जायचं. टाके घालायचे असतील तर काही तासांतच पोचलेलं बरं, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

कुत्रा किंवा मांजर चावलं, ओरखडलं तर जखम साबण आणि धारेखाली पंधरा मिनिटं धुवायची, घट्ट बांधायची नाही आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. ओरखडा छोटा दिसतो म्हणून थांबू नये.

आणि घरात मधुमेह असलेलं कोणी असेल, तर त्यांच्या पायाच्या फोडाला हा लेख लागू नाही. साखरेमुळं पायाची जाणीव कमी होते. आत चिघळलं तरी दुखत नाही, म्हणून ‘काही विशेष नाही’ असं वाटतं आणि गोष्ट बोट कापण्यापर्यंत जाते. त्यांच्या पायाला झाकण घालून चार दिवस बंद ठेवणं फार धोक्याचं. फोड लहान असला तरी डॉक्टरांना दाखवूनच पट्टी ठरवा. चालणारी माणसं असतील तर रोज रात्री कोणीतरी त्यांचे तळवे आणि टाचा उजेडात बघून घ्याव्यात.

घरच्या डब्यात काय असावं

जास्त काही लागत नाही. निर्जंतुक गॉजची पाच-सहा पाकिटं, कागदी टेप, एक गुंडाळी बँडेज, साध्या चिकटपट्ट्या, व्हॅसलीनची छोटी डबी आणि फक्त जखमेसाठी ठेवलेली कात्री. हायड्रोकोलॉइड महाग पडते, म्हणून बारा महिने साठवायची गरज नाही. वारीला निघताना, नवे बूट घेतल्यावर किंवा भरतीसाठी पळायचा सराव करणारं पोरगं घरात असेल तर दोन-तीन आणून ठेवा. डबा गोठ्यात किंवा ट्रॅक्टरवर नको. उन्हानं चिक सुटतो आणि ओलीनं पाकिटं खराब होतात. पाकिटावरची मुदत वर्षातून एकदा बघा आणि संपलेली पाकिटं बदलून टाका.